हाती न आलेल्या दगडाचा हिशेब

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टन सोनं सापडल्याची बातमी आली आणि दोन दिवस वाहिन्यांवर दुसरं काही नव्हतं. त्या डोंगरात विषारी साप असल्याच्या बातम्याही आल्या. आपल्याकडे गुप्तधनावर नाग बसवायची हौस जुनीच! मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला: सोनपहाडी भागात सोनं असलेलं धातुक अंदाजे ५२,८०६ टन आहे आणि त्यात टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं आहे. गुणाकार केला तर होतात १६० किलो.

लोक त्या १६० किलोंवर हसले. माझं लक्ष मात्र ३.०३ वर अडकलं. जमिनीखालच्या खडकाबद्दल असा आकडा येतो कुठून? प्रयोगशाळेतून, हे खरं. पण प्रयोगशाळेत दगड जाण्याआधी कुणीतरी तो दगड पेटीत मांडून, धुऊन, भिंगाखाली पाहून त्याची नोंद लिहिलेली असते. ती नोंद चुकली तर प्रयोगशाळेचा अचूक आकडासुद्धा दिशाभूल करतो.

खनिजशोधात पोकळ नळीच्या टोकाला हिऱ्याचे कण बसवलेली बिट लावून खडक कापतात. बिट कडेने कापत जाते आणि मधला दंडगोल नळीत शिरतो. तो म्हणजे कोअर. नेहमीच्या एका मापात त्याचा व्यास ४७.६ मिलिमीटर असतो. असा एक मीटर कोअर साधारण पावणेपाच किलो भरतो. खडकात टनामागे ३ ग्रॅम सोनं असेल, तर या मीटरभर दगडात ते फक्त १४-१५ मिलिग्रॅम असणार. म्हणजे पेटीसमोर बसलेल्या भूवैज्ञानिकाला सोनं बहुधा दिसतच नाही. त्याला दिसतात सोन्याच्या आजूबाजूच्या खुणा.

एका दमात साधारण तीन मीटर खोदायचं, नळी वर काढायची, कोअर पेटीत मांडायचा आणि खोली लिहिलेला ठोकळा शेवटी ठेवायचा. या एका दमाला रन म्हणतात. आता समजा, ८४ ते ८७ मीटर असा रन झाला, पण पेटीत कोअर आला २.१० मीटर. कोअर रिकव्हरी ७० टक्के. उरलेले ९० सेंटिमीटर गेले कुठे? बिट थंड ठेवायला आणि चुरा वर आणायला आत सतत पाणी सोडलेलं असतं. खडक मऊ किंवा चुरलेला असेल तर तो या पाण्याबरोबर वाहून जातो, नाहीतर बिटखाली दळला जातो. पंचाईत अशी की भारतातल्या जुन्या खडकांतलं सोनं पुष्कळदा शिअर झोनमध्ये, म्हणजे दोन बाजू एकमेकींवर घसटून खडक पिळवटलेल्या पट्ट्यातच असतं. जिथे माल असण्याची शक्यता जास्त, नेमका तिथलाच दगड हातून निसटतो.

हिशेब करून बघू. आलेल्या २.१० मीटरपैकी ०.६० मीटर गारगोटीची शीर आहे आणि १.५० मीटर शिस्ट, म्हणजे पत्र्यांसारखा सुटणारा खडक. शिरेत टनामागे ८ ग्रॅम सोनं निघालं, शिस्टमध्ये काहीच नाही. हाती आलेल्या दगडाची सरासरी झाली जवळजवळ २.३ ग्रॅम. पण गेलेले ९० सेंटिमीटर मऊ, रिकाम्या शिस्टचे असतील, तर पूर्ण तीन मीटरची सरासरी होते १.६. उलट, तडकलेल्या शिरेचाच भाग चुरा होऊन गेला असेल, तर शीर खरी दीड मीटरची आणि सरासरी ४. एकाच पेटीतून १.६ ते ४ पर्यंत काहीही निघू शकतं आणि प्रयोगशाळा याबाबत काही सांगू शकत नाही. तिच्याकडे तो दगड पोचलेलाच नाही!

मग ठरवायचं कसं? मला या कामातला हा सगळ्यात आवडता भाग वाटतो. फुटलेल्या बशीचे तुकडे जुळवावेत तसे कोअरचे तुकडे टोकाला टोक लावून पाहायचे. टोकं खाचेत खाच बसून जुळली तर तिथे काही गेलेलं नाही. टोक गुळगुळीत, गोलसर झालं असेल आणि त्यावर गोल फिरल्याचे ओरखडे असतील, तर तो तुकडा नळीत फिरून घासला गेलाय. दगड तिथेच हरवलाय. ते टोक शिस्टच्या मधोमध आहे की शिरेच्या कडेला, यावरून अर्धं उत्तर मिळतं. उरलेलं अर्धं ड्रिलरच्या वहीत असतं: कुठल्या खोलीवर बिट एकदम भरभर खाली गेली, परतणाऱ्या पाण्याचा रंग कुठे बदलला. अनुभवी ड्रिलरला कळलेलं अनेकदा नोंदीत उतरतच नाही, कारण त्याला कुणी विचारत नाही. कधी रिकव्हरी १०५ टक्के येते. याचा अर्थ आधीच्या रनचा तुकडा खाली राहून आता वर आलाय किंवा खोलीचा ठोकळा चुकलाय. असा आकडा गुपचूप शंभर करून टाकणं ही मोठी खोड.

खडकाचा प्रकार आणि त्यात झालेला बदल, म्हणजे ऑल्टरेशन, वेगवेगळ्या रकान्यांत लिहायचे, यालाही कारण आहे. सोनं खोलवरच्या गरम पाण्यातून बहुतेकदा गंधकाशी बांधलेल्या रूपात प्रवास करतं. हे पाणी लोहयुक्त खडकात शिरलं की तिथलं लोह गंधक ओढून घेतं आणि पायराइट तयार होतं. गंधकाची साथ सुटलेलं सोनं विरघळलेलं राहू शकत नाही, ते तिथेच उतरतं. म्हणून मूळ खडक लोहाचा होता का, हा एक प्रश्न आणि त्याचं काय झालं, हा दुसरा. कर्नाटकातल्या हट्टीच्या खाणीत शिरेपासून लांबच्या पट्ट्यात हिरवट क्लोराइट आणि जवळ तपकिरी बायोटाइट अभ्रक वाढलेलं आढळतं. तिथला कोअर हिरव्याचा तपकिरी होऊ लागला की शीर जवळ आली, असं समजायचं. कार्बोनेट खनिजंही असतात. त्यांतलं कॅल्साइट असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने दगड फसफसतो.

शिरेची जाडी मोजताना कोन लिहिला नाही तर सगळं वाया. कोअरच्या अक्षाशी ३० अंशांत कापली गेलेली शीर पेटीत एक मीटर लांब दिसते, पण तिची खरी जाडी अर्धाच मीटर असते, कारण ३० अंशांची साइन ०.५ आहे.

नोंद झाली की कोअर करवतीने उभा चिरतात. अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा पेटीत राहतो. इंडोनेशियातल्या बुसांग इथे सोन्याचा प्रचंड साठा सापडल्याचं सांगणाऱ्या ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीने हा अर्धा भाग ठेवलाच नाही, जवळपास सगळा कोअर दळून टाकला. पडताळणीला दगडच उरला नव्हता. शेवटी १९९७ मध्ये दुसऱ्यांनी तिच्या भोकांशेजारी नवी भोकं पाडली, तेव्हा त्यांत नाव घेण्याजोगं सोनं निघालं नाही. जुन्या चुऱ्यातले सोन्याचे कण भिंगाखाली नदीतल्या सोन्यासारखे गोलसर दिसले. ते चुऱ्यात नंतर मिसळलेले होते.