तासाचा दर आला कुठून? सॉफ्टवेअरच्या किमतीची पार्श्वभूमी

पुण्यातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीकडे कोटेशन मागितलं की पहिला प्रश्न असतो, "किती तासांचं काम आहे?" तास गुणिले दर, वर नफा. आपल्याला हीच पद्धत स्वाभाविक वाटते. पण तिची मुळं सॉफ्टवेअरमध्ये नाहीत.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारला लष्करी छावण्या घाईने उभारायच्या होत्या. आराखडे पक्के नव्हते, त्यामुळे ठरावीक रकमेचं टेंडर कोणी भरेना. मग खर्च भरून द्यायचा आणि त्यावर टक्केवारीने नफा द्यायचा, असे करार झाले. यातली खोट उघड होती: खर्च जितका जास्त, तितका ठेकेदाराचा नफा जास्त. म्हणून दुसऱ्या महायुद्धात उतरताना, डिसेंबर 1941 च्या कायद्याने अमेरिकेने टक्केवारीचे करार बंद केले. खर्च अधिक ठरावीक रकमेची फी मात्र चालू राहिली. काम नेमकं किती हे कोणालाच ठाऊक नसताना जोखीम सरकारने उचलावी, हा मूळ विचार रास्तच होता.

सॉफ्टवेअरला तर तेव्हा वेगळी किंमतच नव्हती. आयबीएमचं मशीन भाड्याने घेतलं की प्रोग्रॅम आणि इंजिनिअरची मदत त्याच भाड्यात मिळे. 23 जून 1969 रोजी आयबीएमने या गोष्टींची किंमत वेगळी लावण्याची घोषणा केली आणि माणसाच्या कामाला स्वतंत्र बिल आलं. मोजायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे वेळ.

भारतात तर वेळच विकला गेला. इथे कॉम्प्युटर आयात करणं महाग आणि परवान्यांच्या कचाट्यातलं होतं, म्हणून मुंबईच्या टीसीएसने आणि 1981 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसने सुरुवातीच्या काळात आपले इंजिनिअर अमेरिकेत ग्राहकाकडे पाठवून काम केलं. बिल माणसांचं आणि महिन्यांचं. ‘मॅन-मंथ’ हा शब्द आपल्या कोटेशनमध्ये मुरला तो या वळणाने. मोठ्या कंपनीला तो परवडतो, कारण शेकडो माणसं विकता येतात. सहा जणांच्या कंपनीचं तो नुकसान करतो, असं माझं ठाम मत आहे. एकदा लिहिलेलं मॉड्यूल दुसऱ्या ग्राहकाला बसवताना 600 तासांचे 250 झाले, तर तासावर बिल लावणाऱ्याचं उत्पन्न त्याच्या कौशल्यामुळेच घटतं.

याला पर्याय म्हणजे ग्राहकाला होणाऱ्या फायद्यावर, म्हणजे मूल्यावर किंमत लावणं. ही पद्धत कारखान्यांच्या बाजारातून आली. तिथला हिशोब असा: ग्राहकाकडे आज असलेला पुढचा चांगला पर्याय धरा आणि त्याहून आपला माल किती जास्त वाचवतो ते पाहा.

समजा, चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला डिस्पॅचचं सॉफ्टवेअर हवंय. 600 तास, तासाला 700 रुपये खर्च, म्हणजे 4,20,000. त्यावर 25 टक्के नफा धरून कोटेशन 5,25,000. आता कारखान्याच्या बाजूने बघू. चुकीच्या लेबलांमुळे गाडी कंपनीकडून महिन्याला दीड लाखाच्या डेबिट नोटा येतात, म्हणजे तेवढे पैसे बिलातून कापले जातात; वर्षाला 18 लाख. आपलं सॉफ्टवेअर त्यातले दोन तृतीयांश, म्हणजे 12 लाख वाचवेल. पण वर्षाला 2 लाखांचं तयार पॅकेज 6 लाख वाचवतं, म्हणजे निव्वळ 4 लाख. पहिल्या वर्षापुरतं पाहिलं तर आपली कमाल किंमत 8 लाख, 12 नव्हे. साडेसहा लाख सांगितले तर दोघांचंही भलं होतं.

हाच हिशोब उलटाही जातो. डेबिट नोटा महिन्याला पन्नास हजारांच्याच असतील, तर आपण वर्षाला 4 लाख वाचवतो आणि पॅकेजचा निव्वळ फायदा शून्य. कमाल किंमत 4 लाख, आपल्या खर्चाहूनही कमी. हे काम घेऊ नये आणि ग्राहकाला तसं स्पष्ट सांगावं. खर्चावर किंमत लावणाऱ्याला हे कधी दिसत नाही. तो 5,25,000 चं कोटेशन देतो आणि महिनाभर घासाघीस करत बसतो.

मूल्याची पद्धत कोलमडते ती आकडा नसतो तिथे. "कामात सुसूत्रता येईल" याला रुपयात बांधता येत नाही. मालक हिशोब दाखवायला तयार नसेल, किंवा बचत लेबल लावणाऱ्या माणसाच्या सवयीवर अवलंबून असेल, तर आपण अंदाजावर पैज लावतो. शिवाय काम वाढत गेलं तर ठरलेल्या रकमेत जादा तास आपल्याच अंगावर येतात. जुन्या सिस्टीममधला डेटा कसा आहे हेच माहीत नसेल, तर ती परिस्थिती त्या छावण्यांसारखीच असते आणि तिथे तासाचा दर लावणंच प्रामाणिक.

म्हणून मी दोन टप्पे करतो. पहिले दोन आठवडे तासाच्या दराने: डेटा तपासायचा आणि गेल्या बारा महिन्यांच्या डेबिट नोटांची फाईल अकाउंट्सकडून मागून घ्यायची. नोटांवर कारण लिहिलेलं असतं, त्यातल्या लेबलच्या चुका वेगळ्या काढायच्या आणि त्या बेरजेवर मालकाची सही घ्यायची. ठरावीक रकमेचं कोटेशन त्यानंतर.