फ्री रिचार्जची लिंक ग्रुपवर आली की आधी हे वाचा

आमच्या सर्व गिऱ्हाइकांना नमस्कार, सणवार आले की ग्रुपवर "सर्वांना २८ दिवसांचा २३९ चा रिचार्ज फ्री, लवकर करा, मला मिळाला" असले मेसेज फिरायला लागतात आणि मग दुकानात तीच चौकशी, की दादा हे खरंय का हो. तर नाही, खरं नाहीये. हाच २३९ वाला मेसेज पंतप्रधानांच्या नावाने फिरत होता तेव्हा सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने तो खोटा असल्याचं सांगितलंय, तरी रक्कम आणि सण बदलून तो परत येतोच.

आम्ही अशी एक लिंक दुकानातल्या जुन्या, सिम नसलेल्या फोनवर उघडून बघितली (तुम्ही घरी हा उद्योग करू नका). पहिल्या पानावर कंपनीचा लोगो, उलटा पळणारा टायमर आणि खाली लोकांच्या कमेंट, "थँक्यू, मला लगेच मिळाला" वगैरे. या कमेंट पानातच छापलेल्या असतात, लाईक दाबलं तरी काही होत नाही. मग नंबर मागितला, आम्ही दहा वेळा शून्य टाकलं तरी "अभिनंदन, तुमचा नंबर पात्र आहे" आलं! म्हणजे नंबर कोणी तपासतच नाही. पुढच्या पानावर आलेल्या गिफ्टच्या खोक्यांचंही तसंच, पहिलं खोकं रिकामं आणि दुसऱ्यात हमखास बक्षीस, कोणीही उघडा.

पुढची पायरी खरी महत्त्वाची. "१० जणांना किंवा ५ ग्रुपला पाठवा" म्हणून हिरवं बटण येतं आणि वर एक पट्टी भरत जाते. आम्ही बटण दाबलं, कुणालाच न पाठवता मागे आलो, तरी पट्टी पुढे सरकली, कारण तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला काय पाठवलं हे त्या वेबसाईटला दिसूच शकत नाही, ती फक्त बटण किती वेळा दाबलं ते मोजते. आणि आत्याने पाठवलेली लिंक असते म्हणून पुढचा माणूस बिनधास्त उघडतो, ह्याच विश्वासावर तर सगळा धंदा चालतो.

पट्टी भरली की रिचार्ज येत नाही, येतात जाहिराती (त्यांचे पैसे लिंकवाल्याला), नाहीतर "Allow दाबा", नाहीतर "हे अ‍ॅप टाका" म्हणून एक APK फाईल. ही फाईल सगळ्यात वाईट, ती तुमचे एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि बँकेचे ओटीपी बहुतेक एसएमएसनेच येतात.

लिंक ओळखायची कशी? सुरुवातीचं https:// सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचे शेवटचे शब्द बघायचे. उदाहरणार्थ `jio.com.diwali-gift.example/free` यात सुरुवातीला jio.com दिसतं खरं, पण साईट diwali-gift वाल्याची आहे. शंका आली तर कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये ऑफर दिसते का बघा, तिथे नसेल तर विषय संपला.

घरच्या ग्रुपवर हा मेसेज जसाच्या तसा टाकू शकता:

"काका, आत्या, सगळ्यांनी बघा, फ्री रिचार्जची लिंक खोटी आहे. उघडू नका, पुढे पाठवू नका. ज्यांनी पाठवली त्यांनी 'डिलीट फॉर एव्हरीवन' करा. नंबर, ओटीपी, यूपीआय पिन काही टाकू नका, पैसे मिळवायला पिन लागत नाही. अ‍ॅप डाउनलोड केलं असेल तर लपवू नका, मला लगेच फोन करा, कोणी रागावणार नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका हं, लोक ओरडा बसेल म्हणून सांगत नाहीत आणि तेवढ्यात पैसे जातात. डिलीट फॉर एव्हरीवन साधारण अडीच दिवसच चालतं.

नुसती लिंक उघडली असेल तर बहुतेक वेळा काही होत नाही, टॅब बंद करा. Allow दाबलं असेल आणि सारख्या जाहिराती येत असतील तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साईट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स, तिथे ती साईट ब्लॉक करा. अ‍ॅप टाकलं असेल तर मात्र आधी नेट आणि वायफाय बंद, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून खातं आणि यूपीआय थांबवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाका, जितक्या लवकर कराल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

अ‍ॅप अनइन्स्टॉल होत नसेल तर त्याने बहुतेक वेळा डिव्हाईस अ‍ॅडमिनची परवानगी घेतलेली असते, ती आधी काढावी लागते. जमत नसेल तर नेट बंद ठेवूनच फोन दुकानात आणा, याचे पैसे घेत नाही. फक्त घाबरून फोन रिसेट करून आणू नका, तक्रारीला लागणारे मेसेज आणि स्क्रीनशॉट त्यातच असतात.