कुकी (संगणकीय)

कुकी : संकेतस्थळाच्या सर्व्हरने ब्राउझरकडे ठेवायला दिलेली आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक भेटीत त्याच संकेतस्थळाला परत दाखवायची मजकुराची छोटी चिठ्ठी. कुकी हा प्रोग्रॅम नव्हे, ती स्वतःहून काही चालवू शकत नाही. वेब ज्या एचटीटीपी नियमांवर चालते, त्यांत सर्व्हरला आधीची विनंती आठवत नाही. एक पान मागितले, ते दिले, की व्यवहार संपला. त्यामुळे लॉगिन केलेली व्यक्ती पुढच्या पानावर पुन्हा अनोळखी ठरते. ही उणीव भरून काढण्यासाठी कुकी आली. पुढील नोंदीत मुख्यतः एका प्रश्नाचा विचार केला आहे : इतरांना नीट दिसणारे संकेतस्थळ एखाद्याच्याच ब्राउझरमध्ये का बिघडते, आणि साठवलेला डेटा पुसल्यावर ते का सुधारते.

नावाची उत्पत्ती : कुकीची कल्पना नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये वेबसाठी राबवली, याविषयी फारसा मतभेद नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आलेल्या नेटस्केपच्या चाचणी आवृत्तीत ती सोय होती. खरेदीची टोपली सर्व्हरवर न ठेवता ग्राहकाच्याच संगणकावर ठेवता यावी, हा त्यामागचा एक हेतू होता. वाद आहे तो नावाचा. भाजून लगेच घडी घातलेल्या, आत भाकिताची चिठ्ठी असलेल्या बिस्किटावरून हे नाव पडले असे एक मत आहे. जंगलात वाट सापडावी म्हणून खाऊचे तुकडे टाकत जाणाऱ्या मुलांच्या युरोपीय लोककथेशीही ते जोडले जाते. यांपैकी दुसरी व्युत्पत्ती मागाहून बसवलेली दिसते. अधिक पटणारे मत असे, की हा शब्द युनिक्स प्रणालीवर काम करणाऱ्यांच्या बोलीतून आला. तिथे ‘मॅजिक कुकी’ म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला दिलेली अशी खूण, जिचा अर्थ घेणाऱ्याने लावायचा नसतो, मागितल्यावर ती जशीच्या तशी परत करायची असते. १९७० च्या दशकाच्या अखेरच्या युनिक्स पुस्तिकांत हा प्रयोग आढळतो आणि माँटुली यांनीही नावाचे मूळ तेच सांगितले आहे. तंत्राशी हे मूळ नेमके जुळते, कारण ब्राउझरही चिठ्ठीतला मजकूर वाचत बसत नाही, तो ती फक्त सांभाळतो.

रचना : सर्व्हर कुकी देतो ती पहिल्या ओळीसारखी, आणि ब्राउझर ती परत पाठवतो दुसऱ्या ओळीसारखी.

```
Set-Cookie: sid=a81f; Domain=example.org; Path=/; Max-Age=2592000
Cookie: sid=a81f
```

देताना नाव व मूल्य यांसोबत अटी असतात. कोणत्या डोमेनसाठी, कोणत्या मार्गासाठी आणि किती सेकंदांपर्यंत, हे त्यांत सांगितलेले असते. वरच्या उदाहरणातील आकडा ३० दिवसांचा आहे. परत जाताना मात्र फक्त नाव आणि मूल्य जाते, अटी जात नाहीत. ही चिठ्ठी कोणत्या डोमेनसाठी व कधी दिली होती, हे सर्व्हरला तिच्यावरून कळत नाही. कुकीविषयीच्या लेखनात हा तपशील बहुधा एका वाक्यात उरकला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र नित्याचे बरेच बिघाड इथेच उगम पावतात.

एक उदाहरण : समजा, एका संकेतस्थळाने पूर्वी `sid` नावाची कुकी सगळ्या `example.org` साठी दिली होती. पुढे यंत्रणा बदलली. नवी यंत्रणा त्याच नावाची कुकी देते, पण डोमेनची अट न घालता, म्हणजे केवळ `www.example.org` पुरती. ब्राउझरच्या दृष्टीने नाव, डोमेन आणि मार्ग या तिन्हींतले काहीही वेगळे असेल तर कुकी वेगळी. म्हणून नवीने जुनी पुसली जात नाही, दोन्ही शेजारी राहतात आणि एकत्र पाठवल्या जातात :

```
Cookie: sid=old; sid=new
```

कुकींचे नियम सांगणाऱ्या २०११ च्या आरएफसी ६२६५ या मानकानुसार मार्गाची लांबी सारखी असेल, तर आधी तयार झालेली कुकी आधी लिहावी. काही सर्व्हर दोहोंतली पहिली घेतात, काही शेवटची. पहिली घेणारा सर्व्हर जुनी खूण पाहतो, ती ओळखत नाही आणि लॉगिनच्या पानावर परत पाठवतो. वापरणारा पासवर्ड अचूक टाकतो, नवी कुकी ताजी होते, पण जुनी अजूनही तिच्या पुढेच असते. पुन्हा लॉगिनचे पान येते. पासवर्ड चुकला असता तर तसा संदेश आला असता. इथे कोणताही संदेश न येता तेच पान परत येते, हीच या बिघाडाची ओळख. कधी पानेच एकमेकांकडे ढकलत राहतात आणि क्रोममध्ये `ERR_TOO_MANY_REDIRECTS` असे दिसते. बिचारा वापरणारा पासवर्ड बदलून पाहतो. त्याचा काहीच उपयोग होत नाही, कारण तक्रार पासवर्डची नसतेच.

लॉगआउट केल्यानेही हे सुटत नाही. कुकी पुसायची तर सर्व्हरला नाव, डोमेन आणि मार्ग तिन्ही बरोबर सांगून तिची मुदत संपवावी लागते. नवी यंत्रणा स्वतःची कुकी पुसते, जुनीचा पत्ता तिच्या कोडमध्ये कुणी लिहिलेला नसतो. `Clear-Site-Data` या सूचनेने सर्व्हर सरसकट पुसायला सांगू शकतो, पण ती सूचना तिथल्या तंत्रज्ञांनी मुद्दाम घालावी लागते. तोवर मुदत संपण्याची वाट पाहणे किंवा वापरणाऱ्याने स्वतः पुसणे, एवढेच उरते. क्रोममध्ये २०२२ पासून ही मुदत जास्तीत जास्त ४०० दिवस असू शकते.

दुसरा बिघाड गर्दीचा. एका कुकीत साधारण ४,०९६ बाइट मावतात आणि एका डोमेनच्या किमान ५० कुकी ब्राउझरने सांभाळाव्यात अशी अपेक्षा असते. उलट एनजिन्क्स हा सर्व्हर मूळ मांडणीत ८ किलोबाइटपेक्षा लांब कुकीची ओळ स्वीकारत नाही. म्हणजे दोन-तीन मोठ्या कुकी जमल्या, की `400 Bad Request` आणि त्याखाली `Request Header Or Cookie Too Large` असे कोरे पान येते. इथे दुखणे काय ते त्या ओळीतच लिहिलेले असते.

संमतीचा बॅनर : युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात २००९ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून सेवेसाठी अत्यावश्यक नसलेली माहिती वापरणाऱ्याच्या साधनावर साठवण्याआधी त्याची संमती लागते. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या माहिती संरक्षण नियमांनी संमतीचा अर्थ कडक केला, आणि १ ऑक्टोबर २०१९ च्या निकालात युरोपीय न्यायालयाने आधीच टिक केलेली चौकट ही संमती ठरत नाही असे सांगितले. बॅनरचे आजचे रूप बरेचसे यातून आले आहे. लॉगिन टिकवणारी कुकी सहसा अत्यावश्यक गटात मोडते. म्हणून ‘सर्व नाकारा’ निवडले तरी लॉगिन चालायला हवे आणि बहुधा चालते. ही निवडही ब्राउझरमध्येच, बऱ्याचदा कुकीच्याच रूपात, साठवली जाते. नकार लक्षात ठेवायलाही चिठ्ठी लागते ती अशी. जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन बॅनरचा अर्धाच भाग अडवते तेव्हा बॅनर दिसत नाही, पण पान अंधुक होऊन सरकेनासे होते. तेवढ्या संकेतस्थळापुरते एक्स्टेन्शन बंद केल्यावर पान मोकळे झाले, तर दोष साठवलेल्या डेटाचा नव्हता.

खासगी विंडो : सफारीने २००५ मध्ये, तर क्रोमने २००८ मध्ये ही सोय दिली. तिच्यात कुकी बंद असतात हा समज चुकीचा आहे. तिथे कुकींसाठी नवी, रिकामी पेटी मिळते आणि विंडो मिटल्यावर ती टाकून दिली जाते. संकेतस्थळाला आयपी पत्ता पूर्वीसारखाच दिसतो. निदानासाठी मात्र हे साधन उत्तम आहे. वरच्या उदाहरणात खासगी विंडोत जुनी `sid` नसतेच, त्यामुळे लॉगिन पहिल्याच प्रयत्नात होते आणि दोष साठवलेल्या डेटात असल्याचा दाट संशय येतो.

या चाचणीला दोन मर्यादा आहेत. क्रोममध्ये उघड्या असलेल्या सर्व इन्कॉग्निटो विंडोंची पेटी एकच असते, म्हणून आधीच्या सगळ्या मिटवून नवी उघडावी. शिवाय तिथे एक्स्टेन्शन आपोआप बंद असतात. तेव्हा खासगी विंडोत पान सुधारले तर दोषी कुकी असेल किंवा एक्स्टेन्शन. खासगी विंडोतही तोच बिघाड दिसला, तर पुसापुशी सहसा व्यर्थ आहे, दोष अन्यत्र असतो.

पुसण्याची रीत : संपूर्ण ब्राउझरचा डेटा पुसण्याची गरज क्वचितच असते. तसे केल्यास सगळीकडचे लॉगिन जाते आणि पदरी काही वेगळे पडत नाही. संगणकावरील क्रोममध्ये `chrome://settings/content/all` हा पत्ता टाकून संकेतस्थळाचे नाव शोधावे व त्यापुढील कचरापेटीचे चिन्ह दाबावे. फायरफॉक्समध्ये पत्त्याशेजारच्या कुलुपावर `Clear cookies and site data` हा पर्याय मिळतो. सफारीत तो सेटिंग्जमधील `Privacy` खाली `Manage Website Data` येथे असतो. नुसता कॅशे, म्हणजे चित्रे व फायलींच्या प्रती, पुसल्याने कुकी जात नाहीत. लॉगिनच्या चक्रात अडकलेले अनेक जण तेवढेच करून थांबतात आणि उपाय फसला असे मानतात.

पुसण्याआधी पासवर्ड आठवतो का ते पाहावे, कारण लॉगिन जाईल आणि ‘हे साधन लक्षात ठेवा’ ही खूणही जाईल. म्हणजे फोनवर येणारा कोड पुन्हा द्यावा लागेल. अर्धवट लिहिलेला मजकूर काही संकेतस्थळे फक्त ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवतात. तोही याच झाडलोटीत जातो आणि परत मिळत नाही, म्हणून आधी तो दुसरीकडे उतरवून घ्यावा. त्यानंतर त्या संकेतस्थळाचे उघडे टॅब मिटवावेत, नाहीतर चालू पान पुसलेला डेटा लगेच पुन्हा लिहू शकते.

पुसणे नीट झाले की नाही, हे ओळखायला संमतीचा बॅनर कामी येतो. आधी बॅनर दाखवणाऱ्या संकेतस्थळाने पुसल्यानंतर तो पुन्हा दाखवला, तर आपली जुनी निवडही गेली आहे आणि पेटी रिकामी आहे. तो आला नाही, तर बहुधा `www` असलेल्या पत्त्याचा डेटा गेला आणि मूळ डोमेनचा राहिला. वरच्या उदाहरणातली जुनी `sid` नेमकी तिथेच बसलेली असते.