तळव्यावरची बारीक छिद्रे आणि बुटातला उग्र वास

चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात काम करणारा चोवीस वर्षांचा एखादा तरुण डोळ्यांसमोर आणू या. सकाळी सात वाजता पायांत चढवलेले सेफ्टी शूज संध्याकाळी खोलीवर परतल्यावरच उतरतात. बुटांचा हा एकच जोड असतो आणि मोजे नायलॉनचे असतात. दोन-तीन महिन्यांपासून बूट काढताच खोलीभर असा वास पसरतो की सोबत राहणारी मुले खिडक्या उघडतात. तो रोज पाय साबणाने घासून धुतो, तरी वास जात नाही. औषधाच्या दुकानातून आणलेली बुरशीवरची पावडर झाली, मग स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेले मलमही झाले, पण फरक पडला नाही. तळव्याला खाज मुळीच नाही. मोजा काढताना मात्र तो कातडीला चिकटतो आणि तळवा किंचित बुळबुळीत लागतो. चवड्यावर आणि टाचेवर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे दिसतात. अशा वर्णनाचे रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांना नेहमी भेटतात. या विकाराला वैद्यकात ‘पिटेड केराटोलायसिस’ म्हणतात, म्हणजे केराटिन विरघळून पडलेले खड्डे. त्याला रुळलेले मराठी नाव नाही आणि बहुधा म्हणूनच त्याची गणना सरसकट ‘पायाच्या बुरशी’त होते.

हा बुरशीचा विकार नाही. तो जिवाणूंमुळे होतो. आपल्या त्वचेवर एरवीही वावरणारे कायटोकॉकस सेडेंटेरियस आणि कोरिनेबॅक्टेरियम गटातले जिवाणू, तसेच डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस, हे त्याचे मुख्य कारक मानले जातात. तळव्याच्या कातडीचा सर्वांत वरचा थर शरीराच्या इतर भागांपेक्षा कितीतरी जाड असतो. तो मृत पेशींचा, म्हणजे केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा असेपर्यंत हा थर जिवाणूंना दाद देत नाही. तळव्यावर घर्मग्रंथी मात्र फार दाट असतात, आणि बंद बुटात घाम सुकायला वाव नसल्याने तोच थर तासन्‌तास भिजून फुगतो व मऊ पडतो. अशा ओल्या, उबदार जागी जिवाणू झपाट्याने वाढतात आणि प्रथिने तोडणारी विकरे सोडतात. जिथे केराटिन विरघळते, तिथे खड्डा पडतो. शरीराचा भार पेलणाऱ्या जागी, म्हणजे चवडा, टाच आणि बोटांच्या खालच्या गाद्या येथे हे खड्डे अधिक दिसतात. तळव्याचा मधला कमानदार भाग बहुतेक वेळा सुटतो.

वासाचे मूळही याच प्रक्रियेत आहे. केराटिनमध्ये गंधक असलेल्या अमिनो आम्लाचे प्रमाण मोठे असते, आणि जिवाणूंच्या या उद्योगातून थायॉल व सल्फाइडसारखी गंधकयुक्त संयुगे तयार होतात असे मानले जाते. ही संयुगे अगदी अत्यल्प प्रमाणातही नाकाला झोंबतात. त्यामुळे अशा माणसाला अस्वच्छ ठरवणे हा मोठा अन्याय आहे. दिवसातून दोनदा पाय धुणाऱ्यालाही हा त्रास होतो, कारण धुतलेले पाय पुन्हा त्याच ओल्या बुटात जातात.

हा विकार मुळात बुटांचा नव्हता, हे येथे सांगायला हवे. इटालियन डॉक्टर आल्डो कॅस्टेलानी यांनी १९१० मध्ये त्याचे वर्णन केले, ते सिलोनमध्ये पावसाळ्यात अनवाणी फिरणाऱ्या लोकांच्या पायांवरून. पुढे १९३० मध्ये कलकत्त्यात ॲक्टन आणि मॅकग्वायर यांनी याच विकारावर लिहिले. आजचे नाव रूढ झाले ते १९६० च्या दशकात. चिखलात दिवसभर भिजणारा पाय आणि बुटात दिवसभर घामेजणारा पाय यांत जिवाणूंच्या दृष्टीने फरक नाही. दोन्हीकडे त्यांना हवी ती ओल मिळते.

आता निदानाकडे वळू. खड्ड्यांचा व्यास साधारण अर्ध्या मिलिमीटरपासून काही मिलिमीटरपर्यंत असतो. बारीक खड्डे एकमेकांत मिसळले की कडा नागमोडी झालेला, खरवडल्यासारखा पट्टा तयार होतो. पाय कोरडे असताना हे चटकन दिसत नाहीत, म्हणून तळवे दहा-पंधरा मिनिटे पाण्यात बुडवून ठेवले तर कातडी पांढरट फुगते आणि खड्डे उठून दिसतात. घरीही हे पाहता येते. बुरशीमध्ये सहसा खाज सुटते, कातडीचे पापुद्रे निघतात आणि बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, ज्यांना आपण चिखल्या म्हणतो. येथे बेचक्या बहुधा स्वच्छ असतात. चामखीळ असेल तर ती बाजूंनी चिमटीत दाबल्यावर दुखते आणि तिच्यावर काळे ठिपके दिसतात. शंका असल्यास डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी आहे का ते पाहतात. दोन्ही विकार एकाच पायावर असू शकतात, ही शक्यताही ते ध्यानात ठेवतात.

उपचाराचे दोन भाग आहेत आणि एकावर भागत नाही. आपल्या तरुणाला डॉक्टर क्लिंडामायसिनचे एक टक्का जेल सकाळी आणि संध्याकाळी, पाय पूर्ण कोरडे करून, तीन आठवडे लावायला सांगतील. त्याऐवजी एरिथ्रोमायसिन, फ्युसिडिक ॲसिड किंवा बेंझॉइल पेरॉक्साइडही वापरतात, मात्र शेवटच्या औषधाने मोजे आणि टॉवेल यांचा रंग उडतो. पोटातून गोळ्या घेण्याची गरज सहसा पडत नाही, कारण जिवाणू ज्या थरात असतात तिथे रक्तवाहिन्याच नसतात. याच कारणाने तळवा लाल होत नाही, सुजत नाही, आणि म्हणून सूज दडपणाऱ्या स्टिरॉइडला येथे करण्यासारखे कामच नसते.

दुसरा भाग घामाचा. ॲल्युमिनियम क्लोराइडचे वीस टक्क्यांचे द्रावण रात्री झोपण्यापूर्वी तळव्यांना लावतात आणि सकाळी धुऊन टाकतात. ते घर्मनलिकांची तोंडे तात्पुरती बुजवते. पाय ओलसर असताना लावले तर पाण्याशी संयोग होऊन आम्ल तयार होते आणि तळवे चुरचुरतात. बरेच लोक याच कारणाने औषध अर्धवट सोडतात, वास्तविक चूक औषधाची नसून लावण्याच्या वेळेची असते. भेगा पडलेल्या असतील तर त्या भरेपर्यंत थांबणे बरे. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरावेत, म्हणजे प्रत्येक जोडाला किमान एक पूर्ण दिवस सुकायला मिळतो. नायलॉनऐवजी सुती मोजे घालावेत आणि जेवणाच्या सुट्टीत बदलावेत. मोजे सोसेल तितक्या गरम पाण्यात धुवावेत. सेफ्टी शूज कामावर टाळता येत नाहीत, पण खोलीवर आल्यावर उघड्या चपला घालता येतात, आणि तेवढ्यानेही तळव्यांना सुकायला वेळ मिळतो.

या क्रमाने वागल्यास वास बहुधा आठवडाभरातच ओसरू लागतो. खड्डे मात्र मागे राहतात, आणि येथेच अनेकांचा धीर सुटतो. जिवाणू मेल्याने खड्डा भरत नाही, खालून नवी कातडी वर सरकत येते तेव्हाच जुना थर झिजून जातो, आणि जाड तळव्यावर त्याला तीन-चार आठवडे लागतात. हा खड्डा मृत थरापुरताच असल्यामुळे व्रण मागे राहत नाही. महिन्यानंतरही खड्डे तसेच असतील, तर निदान पुन्हा तपासावे लागते. घाम फार येणाऱ्यांना विकार परतून येण्याची शक्यता असते. त्यांच्यासाठी पाय उथळ पाण्यात ठेवून त्यातून सौम्य विद्युतप्रवाह सोडणारी आयंटोफोरेसिस ही पद्धत आहे, तसेच बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने आहेत. ही इंजेक्शने तळव्याला दुखतात, महाग असतात आणि त्यांचा परिणाम काही महिनेच टिकतो. म्हणून बहुतेक जणांसाठी आठवड्यातून एक-दोन रात्री ॲल्युमिनियम क्लोराइड लावत राहणे आणि बुटांचा दुसरा जोड बाळगणे हाच अधिक परवडणारा मार्ग ठरतो.