टेलिमेडिसिन प्रकल्पाचे अंदाजपत्रक : कोटेशन मागवण्याआधी एवढे वाचा

‘एका केंद्राला सगळं मिळून किती पडेल?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक संस्था विचारते. त्यावर आम्ही उलट विचारतो, ‘तपासणीच्या खोलीत अपलोड किती मिळतं?’ ही टाळाटाळ वाटते, पण आकडा त्यावरच ठरतो.

बहुतेक ठिकाणी आधी उपकरणांची यादी मंजूर होते आणि इंटरनेट ‘किरकोळ खर्चा’त जातं. मग यंत्रं पोहोचतात आणि शहरातल्या डॉक्टरांना रुग्णाचा चेहरा चौकोन-चौकोन दिसतो. मोबाइलवर व्हिडिओ छान चालतात म्हणजे नेट चांगलं, हा समज इथे नडतो. व्हिडिओ पाहायला डाउनलोड लागतं. रुग्ण डॉक्टरांना दाखवायला अपलोड लागतं, आणि ते बहुधा बरंच कमी असतं. दोन्ही बाजूंना १ ते १.५ एमबीपीएस स्थिर मिळालं तर तपासणी नीट होते. मोजणी ओपीडीच्या वेळेत, टेबलाजवळ, दार लावून करा. गच्चीवर रात्री घेतलेला आकडा आमच्या उपयोगाचा नाही.

डेटाचा हिशेब सोपा आहे. दिवसाला २० रुग्ण, प्रत्येकी १० मिनिटं, म्हणजे २०० मिनिटं. १ एमबीपीएसने एका बाजूला दीड जीबी, जाऊन-येऊन ३ जीबी. महिन्याचे २५ दिवस धरले तर ७५ जीबी. दुसऱ्या कंपनीचं सिम आणि राउटरला पुरेल इतका यूपीएस वेगळा धरा.

अपलोड अर्ध्या एमबीपीएसच्या वर जातच नसेल तर थेट व्हिडिओचा आग्रह सोडा. ईसीजी, त्वचेचे फोटो आणि नोंदी आधी पाठवायच्या, डॉक्टरांनी त्या पाहून फोनवर बोलायचं. तिथे महागडा कॅमेरा आम्ही सुचवतच नाही, मग आमची विक्री कमी झाली तरी चालेल. डिजिटल स्टेथोस्कोपचा आवाज मात्र वेग असला तरी साध्या व्हिडिओ कॉलमधून ऐकवू नका. हृदयाचे ठोके फार खालच्या सुरात असतात आणि कॉलचं सॉफ्टवेअर ते गोंगाट समजून गाळू शकतं. रेकॉर्डिंगची फाइल पाठवा.

आमच्या कोटेशनमध्ये प्रशिक्षणाची रक्कम जास्त दिसते, अशी तक्रार असते. आम्ही केंद्रामागे दोघांना शिकवतो, कारण एका सिस्टरची बदली झाली की यंत्र कपाटात जातं. शिवाय महिन्याभराने पुन्हा येतो. तोवर घाईत ईसीजीच्या उजव्या-डाव्या हाताच्या तारा अदलाबदल होऊ लागलेल्या असतात. मग लीड १ उलटी येते आणि डॉक्टर धडधाकट हृदयात दोष शोधत बसतात. ही दुसरी भेट काढून रक्कम कमी करा, असं कृपया सांगू नका.

इलेक्ट्रोड, ईसीजीचा कागद, रिचार्ज आणि डॉक्टरांचं मानधन हे दरमहाचे खर्च आहेत. ते प्रकल्पाच्या पूर्ण मुदतीसाठी स्वतंत्र रकान्यात लिहा.

प्रत्येक केंद्राचं तीन दिवसांचं सकाळचं अपलोड आम्हाला पाठवा. जमत नसेल तर आमचा माणूस येऊन मोजून देईल. त्याचं शुल्क ऑर्डर दिल्यास बिलातून वजा होतं.