तिकीटविक्रीपूर्वी साइटची लोड टेस्ट : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई भरू लागली की नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि त्याच्या आधीच्या पंधरवड्यात नाट्यमंडळे, उत्सव समित्या आणि आयोजक आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात : "आमची साइट एका वेळी किती माणसे झेलेल?" या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात मिळावे, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. तो आकडा आम्ही देतो, परंतु तो देण्याआधी आम्ही बरेच प्रश्न विचारतो आणि काही दिवसांचा वेळ मागतो, त्यामुळे काही ग्राहकांना आम्ही काम लांबवत आहोत असे वाटते. लोड टेस्ट, म्हणजे साइटवर मुद्दाम खोटी गर्दी सोडून केलेली ही चाचणी, आम्ही कशी करतो आणि तशीच का करतो, हे येथे सविस्तर सांगत आहोत.

सर्वांत जास्त वेळ ज्या चुकीमुळे जातो, ती आधी सांगतो. अनेक ग्राहक इंटरनेटवरील एखाद्या मोफत साधनाला आपल्या साइटचा पत्ता देतात, ते साधन पाच हजार वापरकर्ते सोडते, सगळे निकाल हिरवे येतात आणि त्याचा स्क्रीनशॉट आमच्याकडे येतो. त्या चाचणीत केवळ मुखपृष्ठ उघडलेले असते. मुखपृष्ठावर नाटकाचे पोस्टर, तारीख आणि कलावंतांची नावे असतात. ते सर्वांना सारखेच दिसते, म्हणून सर्व्हर ते एकदा तयार करून कॅशमध्ये ठेवतो आणि मागेल त्याला तसेच उचलून देतो. त्यासाठी डेटाबेसला हातही लावावा लागत नाही. तिकीट काढणारा माणूस मात्र खुर्च्यांचा नकाशा उघडतो, खुर्ची निवडून ती रोखून धरतो, मोबाइल क्रमांक आणि ओटीपी देतो, पैसे भरतो आणि परत येऊन तिकिटाची वाट पाहतो. यातील जवळजवळ प्रत्येक पायरीला ताजी माहिती लागते आणि ती कॅशमधून देता येत नाही. म्हणूनच विक्रीच्या दिवशी सचिवांच्या मोबाइलवर मुखपृष्ठ झटकन उघडत असते आणि त्याच वेळी गावोगावचे प्रेक्षक नकाशा उघडत नाही म्हणून फोन करत असतात. मुखपृष्ठाचा तो स्क्रीनशॉट आम्ही हिशेबात धरत नाही. कृपया त्यासाठी आग्रह धरू नये.

आता "एका वेळी किती" याचा हिशेब पाहू. उदाहरणादाखल एक मंडळ घेऊ : 1000 खुर्च्या, सकाळी 10 वाजता विक्री सुरू, आणि पहिल्या 5 मिनिटांत 1800 माणसे साइटवर येतील असा अंदाज. म्हणजे दर सेकंदाला 6 माणसे येतात. नकाशा उघडल्यापासून तिकीट हाती येईपर्यंत एका माणसाला साधारण 3 मिनिटे, म्हणजे 180 सेकंद लागतात असे धरू. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेला एक साधा नियम असा आहे की, येण्याचा वेग आणि थांबण्याचा वेळ यांचा गुणाकार केला की आत एका वेळी सरासरी किती माणसे असतात ते कळते. 6 गुणिले 180 म्हणजे 1080. विक्री होणार 1000 तिकिटांची म्हणून 1000 वापरकर्ते, किंवा येणार 1800 म्हणून 1800, हे दोन्ही हिशेब चुकीचे आहेत. तिकिटांच्या संख्येचा तर या आकड्याशी थेट संबंधच नाही.

हे 1080 जण सतत बटणे दाबत नसतात. कोणी घरच्यांना कोणती रांग घ्यायची ते विचारतो, तर कोणी ओटीपीची वाट पाहतो. प्रत्येक जण साधारण 15 सेकंदांनी सर्व्हरला काहीतरी मागतो असे धरले, तर दर सेकंदाला 72 मागण्या येतात. एका मागणीला सर्व्हरचा पाव सेकंद लागत असेल, तर पुन्हा त्याच नियमाने 72 गुणिले 0.25, म्हणजे एका वेळी 18 मागण्यांवर काम चालू राहील. सर्व्हरवर अशा मागण्या हाताळणारे 20 कामगार, म्हणजे पीएचपीच्या 20 प्रक्रिया असतील, तर कागदावर साइट तरते.

परंतु पाव सेकंद हा वेळ साइटवर गर्दी नसतानाचा असतो, आणि खरा घोळ येथेच होतो. आमच्याकडे तपासायला येणाऱ्या साइटमध्ये एक दोष वारंवार दिसतो : खुर्ची रोखताना प्रोग्राम त्या एका खुर्चीला कुलूप न लावता डेटाबेसमधल्या "शिल्लक खुर्च्या" लिहिलेल्या ओळीला कुलूप लावतो. ती ओळ संपूर्ण प्रयोगासाठी एकच असते, त्यामुळे सगळ्यांना एकामागे एक थांबावे लागते. एसटी आगारात दहा कर्मचारी असूनही आरक्षणाची खिडकी एकच उघडी असावी, तसा हा प्रकार होतो. प्रत्येक वेळी ते कुलूप एक दशांश सेकंद लागलेले राहिले, तर सेकंदाला जास्तीत जास्त 10 खुर्च्या रोखल्या जातील, मग सर्व्हर कितीही मोठा घ्या. आपल्या उदाहरणात सेकंदाला 6 माणसे येतात, आणि पुढच्या रांगांसाठी झुंबड असल्याने प्रत्येकाला सरासरी दोनदा प्रयत्न करावा लागतो, म्हणजे सेकंदाला 12 प्रयत्न होतात. त्यातले 10 पार पडतात आणि 2 मागे राहतात. मागे राहिलेली प्रत्येक मागणी एक कामगार अडवून बसते. 72 पैकी बाकीच्या 60 मागण्यांत 15 कामगार आधीच गुंतलेले असल्याने उरलेले 5 काही सेकंदांतच संपतात, आणि त्यानंतर नकाशासुद्धा उघडेनासा होतो. प्रेक्षक स्वाभाविकपणे पान पुन्हापुन्हा रिफ्रेश करतात आणि मागण्या आणखी वाढतात. त्यांच्या पडद्यावर `504 Gateway Time-out` दिसते, तर सर्व्हरच्या नोंदींत ही ओळ उमटू लागते :

```
Lock wait timeout exceeded; try restarting transaction
```

काही साइटमध्ये तर हे कुलूप लागलेले असतानाच पेमेंट गेटवेकडे विचारणा पाठवली जाते. गेटवेने उत्तराला 2 सेकंद घेतले, तर दोन सेकंदांत एकच खुर्ची विकली जाईल आणि 1000 खुर्च्यांना, सर्व सुरळीत चालले तरी, अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागेल.

असे झाले की ग्राहक पहिली मागणी मोठ्या सर्व्हरची करतात. तो विकण्यात आमचाही फायदा आहे, तरी आम्ही आधी चाचणीतला प्रोसेसरचा आलेख पाहतो. प्रतिसादाचा वेळ वाढत असताना प्रोसेसरही शंभर टक्क्यांना टेकला असेल, तर सर्व्हर खरोखर अपुरा आहे. प्रतिसाद रेंगाळत असून प्रोसेसर मात्र निवांत असेल, तर मागण्या कशाची तरी वाट पाहत आहेत, आणि तेथे मोठा सर्व्हर घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. वरील दोषाला पुढील बदल पुरतो; एका वेळी एकाच खुर्चीच्या ओळीला कुलूप लागते आणि पैसे भरण्याचे काम त्याच्या बाहेर राहते :

```sql
UPDATE seats SET status = 'held', held_at = NOW()
WHERE id = 214 AND status = 'free';
```

या आदेशाने एक ओळ बदलली तर खुर्ची आपली झाली, आणि शून्य ओळी बदलल्या तर ती दुसऱ्याने आधीच घेतली. एवढे केल्यावर कामगार 20 वरून 40 करता येतात. एका कामगाराला साधारण 60 एमबी मेमरी धरली, तर 40 जणांना 2.4 जीबी लागते आणि डेटाबेसची मेमरी वेगळी लागते. म्हणून 4 जीबीच्या सर्व्हरवर ओढाताण होते आणि तेवढ्या दिवसापुरता 8 जीबीचा घेणे योग्य ठरते.

चाचणीच्या वेळी आम्ही ठरावीक संख्येचे खोटे वापरकर्ते फिरवत ठेवत नाही, तर दर सेकंदाला ठरावीक नवी माणसे आत सोडतो. हा फरक बारीक वाटला तरी निकाल उलटा करू शकतो. ठरावीक संख्येच्या पद्धतीत साइट मंदावली की खोटे वापरकर्तेही उत्तराची वाट पाहत थांबतात, त्यामुळे भार आपोआप हलका होतो आणि निकाल गोजिरवाणा येतो. खरे प्रेक्षक साइट मंद आहे म्हणून यायचे थांबत नाहीत. आम्ही सेकंदाला 2 माणसांपासून सुरुवात करून दर पाच मिनिटांनी वेग वाढवतो आणि शंभरातल्या 95 मागण्यांना 3 सेकंदांच्या आत उत्तर मिळणे जेथे बंद होते, त्या पायरीच्या आधीचा आकडा आपल्याला लिहून देतो. सरासरी आम्ही सांगत नाही, कारण दहा जणांतला एक जण अर्धा मिनिट ताटकळला तरी सरासरी तीन-चार सेकंदांचीच दिसते. आमचे खोटे प्रेक्षकही पुढच्याच रांगांवर तुटून पडतात. खुर्च्या सरसकट विखुरून निवडल्या तर ती झुंबड चाचणीत येतच नाही. शेवटी एकच खुर्ची दोघांना विकली गेली नाही ना, हे डेटाबेसमध्ये मोजतो. साइट चालू राहिली आणि एका खुर्चीवर दोन प्रेक्षक बसायला आले, तर मंडपात काय होते हे आयोजकांना आम्ही सांगायला नको.

चाचणी आमच्या कार्यालयातून का करत नाही, असेही विचारले जाते. आमच्या तालुक्याच्या ठिकाणची ब्रॉडबँड लाइन साइटच्या आधी स्वतःच गुदमरेल आणि निकाल त्या लाइनचा येईल. वीज जाण्याचा प्रश्न वेगळाच. त्यासाठी आम्ही मोठ्या शहरातील डेटा सेंटरमध्ये तासाने भाड्याने मिळणारी यंत्रे घेतो, आणि दरपत्रकात दिसणारा वेगळा खर्च तोच आहे. खऱ्या पेमेंट गेटवेवर आणि खऱ्या ओटीपीवर आम्ही भार टाकत नाही. तसे केल्यास गेटवे आपले खाते रोखू शकतो आणि एसएमएसचे बिल आपल्यालाच येते. त्यांच्या जागी ठरावीक उशिराने उत्तर देणारी खोटी सेवा बसवतो. अर्थात, विक्रीच्या दिवशी गेटवेच मंदावला, तर त्याची हमी आमच्या आकड्यात नसते.

अपेक्षित गर्दी त्या आकड्यापेक्षा जास्त असेल, तर साइटच्या दारात रांगेचे पान बसवता येते. ते पान साधे असल्याने हजारोंना पेलते आणि सेकंदाला साइट झेलेल तेवढ्याच माणसांना आत सोडते. दोन-तीन मिनिटे रांगेत क्रमांक पाहणारा प्रेक्षक सहसा टिकून राहतो. मोठ्या सर्व्हरपेक्षा हा उपाय स्वस्त पडतो, आणि आमच्याकडे तो तयार आहे.

चाचणीसाठी आपल्या साइटची हुबेहूब प्रत, तेवढ्याच ताकदीचा सर्व्हर, होस्टिंग कंपनीची लेखी परवानगी आणि गेल्या विक्रीची तासावार नोंद असल्यास ती आणावी. नोंद नसेल तर व्हॉट्सॲप गटांत आणि जाहिरातीत वेळ कशी कळवणार आहात, एवढे सांगितले तरी अंदाज बांधता येतो. "ठीक 10 वाजता" असे छापले तर गर्दी पहिल्या मिनिटातच येते. विक्रीच्या किमान दहा दिवस आधी यावे, कारण पहिल्या फेरीत दोष सापडला तर दुरुस्तीनंतर दुसरी फेरी घ्यावी लागते. ही दुसरी फेरी आमच्या ठरलेल्या शुल्कातच येते. मात्र दुसऱ्या फेरीनंतर नकाशात, पेमेंटमध्ये किंवा सर्व्हरच्या रचनेत बदल केल्यास आमचा आकडा रद्द समजावा आणि नव्या चाचणीसाठी पुन्हा वेळ घ्यावी.