सर्दीची गोळी आणि ॲलर्जीची गोळी: झोप कशाने येते?

दुकानात रोज ऐकतो, 'झोप न येणारी गोळी द्या.' सर्दीची आणि ॲलर्जीची स्ट्रिप दिसायला सारखीच, पण उत्तर पुढच्या ठळक ब्रँडनावात नसतं. स्ट्रिप उलटी करा आणि मागच्या बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव शोधा.

सर्दीच्या बहुतेक गोळ्यांवर तीन नावं दिसतात: पॅरासिटामॉल, फिनाइलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन मॅलिएट. झोप आणणारं हे तिसरं. डॉक्टर त्याला सीपीएम म्हणतात आणि ते गोळीत जेमतेम २ मिलिग्रॅम असतं, म्हणून नजरेतून सुटतं. फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन आणि हायड्रॉक्सिझिन त्याचेच जुने सोबती. ही औषधं रक्तातून सहज मेंदूत शिरतात आणि आपल्याला जागं ठेवणारं हिस्टामिन तिथेच अडवतात. सीपीएम अंगात बराच वेळ टिकतं, त्यामुळे रात्री घेतलेल्या गोळीची गुंगी सकाळी गाडी चालवताना जाणवू शकते.

ॲलर्जीच्या गोळ्यांवर दिसणारी फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन आणि बिलास्टिन ही नवी नावं. ॲलर्जीत शिंका आणि खाज आणतं तेही हिस्टामिनच, आणि हीसुद्धा तेच अडवतात, पण मेंदूबाहेर. मेंदूच्या दारावरची यंत्रणा त्यांना बहुतांशी बाहेरच ठेवते. फेक्सोफेनाडिन तर जवळजवळ आत जातच नाही. मात्र ते पाण्यासोबतच घ्या, फळांच्या रसाने ते कमी शोषलं जातं.

सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिनचं काय? यादीत ती नवीच आहेत, पण काहींना त्यांनी स्पष्ट पेंग येते. सेटिरिझिन मुळात हायड्रॉक्सिझिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ आहे. म्हणून पहिली गोळी रात्री घेऊन बघा, असं मी सांगतो.

मग सर्दीच्या गोळीत जुनंच औषध का? सर्दी विषाणूची असते, त्यात हिस्टामिनचा वाटा थोडाच. सीपीएम नाकाचा स्राव वाळवतं ते दुसऱ्याच गुणाने, आणि नव्या औषधांत तो गुण नगण्य असतो. तोच गुण तोंड कोरडं पाडतो, शौचाला घट्ट करतो, आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी तुंबवू शकतो.

परवा एक काका आले. ॲलर्जीसाठी रोज रात्री लेव्होसेटिरिझिन ५ मिलिग्रॅम, त्यात सर्दी झाली म्हणून सकाळ-संध्याकाळ सीपीएमवाली गोळी स्वतःच सुरू केलेली. दोन वेगळी दुखणी म्हणून दोन गोळ्या, असा त्यांचा हिशोब. प्रत्यक्षात एकाच कामाची दोन औषधं पोटात जात होती. दिवसभर ग्लानी होती आणि लघवीची धार बारीक झाली होती. मी दोन्ही स्ट्रिपा त्यांच्यासमोर उलट्या ठेवून नावं वाचून दाखवली. सर्दीची गोळी थांबवून साधी पॅरासिटामॉल दिली आणि लघवीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं.

मुलांच्या सर्दीच्या औषधात सीपीएम आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असेल, तर ते ४ वर्षांखालच्या बाळाला देऊ नये. डिसेंबर २०२३मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी हा इशारा वेष्टनावर छापायला सांगितला. घरात जुनी बाटली असेल, तर त्यावर तो नसेलही.